फक्त आकडा सांगणारा शब्दखेळ: चार प्रश्न झाले, आता पाचवा कोणता विचारू?

नळस्टॉप

कागदावर खेळायचा शब्द ओळखण्याचा खेळ आहे. समोरच्याने चार अक्षरी शब्द मनात धरायचा. आपण चार अक्षरी शब्द विचारायचा. तो फक्त एक आकडा सांगतो: आपल्या शब्दातली किती अक्षरं त्याच्या शब्दात आहेत. कुठली, ते सांगत नाही. कुठल्या जागी, तेही नाही.

आमचे नियम असे: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार धरायचे नाहीत. म्हणजे 'सोमवार' म्हणजे स म व र. जोडाक्षर नको, एकच अक्षर दोनदा नको. शब्द कोशात सापडेल असा हवा, 'जातो', 'खातोय' अशी रूपं चालत नाहीत.

पुण्यात राहून चार अक्षरी शब्द आठवायचे म्हटलं की पेठाच डोक्यात येतात, म्हणून मी त्याच विचारत गेले. आतापर्यंतचा हिशेब:

दरवाजा – १
सोमवार – २
बुधवार – १
शनिवार – १

चारपैकी तीन प्रश्नांत एकेकच. चार प्रश्न संपले आणि हाती काहीच नाही असं वाटतंय. पाचवा काय विचारू?

पर्वतीपायथा

सोमवारला दोन आलेत ना, मग त्याच अक्षरांचा दुसरा शब्द विचार, अक्षरांच्या जागा बदलून. कुठलं अक्षर योग्य जागी आहे ते कळेल. मी मोबाईलवर रोज खेळतो त्यात असंच करतो, आधी पिवळी झालेली अक्षरं हलवून हिरवी करायची.

अक्षरगणित

@पर्वतीपायथा, तुम्ही म्हणता तो खेळ वेगळा. त्यात प्रत्येक अक्षराला रंग मिळतो आणि जागाही कळते. इथे जागेचा काही संबंधच नाही. 'कसरत' विचारा नाहीतर 'सुरकुती' विचारा, दोन्हींत क स र त हीच अक्षरं आहेत, त्यामुळे समोरच्याला दोन्ही वेळा तोच आकडा द्यावा लागेल. एक अख्खा प्रश्न वाया.

इंग्रजीत हा खेळ जॉटो नावाने १९५५ पासून आहे, तिथे पाच अक्षरी शब्द घेतात.

@नळस्टॉप, तुमच्या हातात काहीच नाही असं अजिबात नाही. कागद समोर घ्या.

व आणि र ही दोन अक्षरं तुमच्या चारही शब्दांत आहेत. म्हणून आधी त्यांचाच निकाल लावू. तीनच शक्यता: दोन्ही आहेत, एकही नाही, किंवा एकच आहे.

दोन्ही असते तर 'दरवाजा'ला किमान २ आले असते. आलं १. ती शक्यता गेली.

आता धरून चाला की दोन्ही नाहीत. मग दरवाजाचा १ हा द किंवा ज मधून आला. बुधवारचा १ हा ब किंवा ध मधून. शनिवारचा १ हा श किंवा न मधून. ही झाली तीन अक्षरं. आणि सोमवारला २ आलेत, व-र नाहीत, म्हणजे स आणि म दोन्ही हवेत. तीन आणि दोन, पाच. शब्द चार अक्षरी आहे. पाच अक्षरं त्यात बसणार नाहीत, म्हणून हीही शक्यता गेली.

उरली तिसरी: व आणि र पैकी नेमकं एक आहे. मग दरवाजा, बुधवार, शनिवार यांचा एकेक आकडा त्या एका अक्षरातच संपला. द, ज, ब, ध, श, न ही सहाच्या सहा अक्षरं बाद. सोमवारमधला एक त्याच अक्षराचा, दुसरा स किंवा म पैकी नेमक्या एकाचा.

म्हणजे शब्दात एक अक्षर (व/र), एक अक्षर (स/म), आणि उरलेली दोन अजून न विचारलेल्यांपैकी. चार प्रश्नांत एवढं कळणं चांगलं आहे.

नळस्टॉप

अरे वा! मी प्रत्येक आकड्याकडे सुटा सुटा बघत होते. चार ओळी एकत्र धरून बेरीज करायची हे डोक्यातच आलं नाही.

टेकडीवरून

तुमची पद्धतच मुळात चुकलीय, नळस्टॉप. सगळे शब्द '-वार' वाले घेतलेत, मग सगळ्यांना एकसारखाच आकडा येणार. पहिले चार शब्द असे घ्यायचे की एकही अक्षर परत येऊ नये. चार गुणिले चार, सोळा अक्षरं तपासून होतात. आकड्यांची बेरीज ४ आली की बाकी सगळी वर्णमाला बाद. हीच सर्वात चांगली पद्धत.

अक्षरगणित

बेरजेचं म्हणणं बरोबर आहे, आणि ती ४ आली तर फार कामाची. पण चारही शब्दांना १-१-१-१ आले तर? बेरीज ४, बाकी अक्षरं बाद, हे खरं. तरी प्रत्येक शब्दातलं कुठलं एक, हे माहीत नाही: ४ × ४ × ४ × ४, म्हणजे २५६ संच. त्यातले बहुतेक शब्दच होत नाहीत, पण ते एकेक करून तोंडाने म्हणून बघावे लागतात, आणि माणूस तिथेच दमतो.

म्हणून मी मिश्रण करतो. पहिले दोन शब्द पूर्ण वेगळ्या अक्षरांचे. तिसरा असा, की त्यात आधीच्या दोन्हीतलं थोडं थोडं यावं. दोन शब्दांत दोन अक्षरं सारखी असली आणि आकडे वेगळे आले, तर तो फरक न जुळणाऱ्या अक्षरांतूनच आला असणार. आकड्यापेक्षा आकड्यांतला फरक जास्त बोलतो.

तरी तुमचं म्हणणं अर्धं मान्य. नळस्टॉपबाईंना इथे नशिबाची साथ मिळाली. सोमवारला २ ऐवजी १ आला असता तर? मग 'व-र दोन्ही नाहीत' ही शक्यता मरत नाही. द/ज, ब/ध, श/न, स/म यांतून एकेक, बरोबर चार अक्षरं, १६ संच. शिवाय 'व-र पैकी एक आहे आणि ती आठही बाद' हा दुसरा रस्ताही उघडाच. एका आकड्याने एवढा फरक पडतो.

मृण्मयी_

त्या १६ मध्ये 'बदनाम' बसतो बघा! ब द न म. प्रत्येक जोडीतलं एकेक.

आणि आताच्या परिस्थितीतही 'बदनाम' विचारायला छान आहे. ब, द, न तर बाद झालीत. उरलं म. उत्तर १ आलं तर म आहे, ० आलं तर स आहे. शंकेला जागा नाही. नळस्टॉप, पाचवा 'बदनाम' विचार.

कसबेकर

मी म्हणेन पाचवी पण पेठच विचारा: सदाशिव. स द श व. द आणि श बाद आहेत. ० आलं तर व नाही आणि स नाही, म्हणजे र आणि म. २ आलं तर व आणि स. दोन्ही जोड्या एका फटक्यात.

अक्षरगणित

दोन्ही सूचना आवडल्या. बाद अक्षरं भरताड म्हणून वापरायची युक्ती या खेळात फार उपयोगी आहे, आणि ती लोकांना उशिरा सुचते. बाद अक्षर म्हणजे शब्द पूर्ण करायला फुकट मिळालेली जागा. त्यामुळे उत्तरातला आकडा फक्त ज्याच्याबद्दल विचारायचंय त्याचाच येतो.

सदाशिवमध्ये एक फट आहे. १ आलं तर 'र आणि स' की 'व आणि म' हे कळत नाही. तरी बदनामपेक्षा तो सरस, कारण बदनाम फक्त एकाच जोडीबद्दल बोलतो.

पण मी दोन्ही विचारणार नाही, आणि कारण साधं आहे. चार अक्षरांपैकी दोन तर पूर्ण अंधारात आहेत. क, त, प, ल, ळ, ट, ग, ण, य, ड, च, ह, ख, शिवाय अ, उ सारखे स्वर. अंधार तिथे जास्त आहे. व-र आणि स-म यांच्यात फक्त चार शक्यता आहेत. पाचव्या प्रश्नात जोड्यांना हात घालायचाच, पण सोबत दोन नवी, नेहमी येणारी अक्षरं आणायची. मराठीत क आणि त शब्दांत भरपूर येतात. म्हणून माझा प्रश्न: 'कसरत'. जोड्यांमधली र आणि स, नवीन क आणि त.

आकड्याचा अर्थ लावायला हा बदनामपेक्षा अवघड, हे कबूल. २ आलं तर बरंच डोकं लावावं लागेल. पण ० आलं तर लगेच व आणि म मिळतील आणि क-त दोन्ही जातील. ४ आलं तर संच पूर्ण. मधले आकडे आले तरी शक्यता बऱ्याच झडतील.

नळस्टॉप

कसरत विचारला. उत्तर ३!

आता मी स्वतः करून बघते, चुकले तर सांगा. क स र त पैकी तीन आहेत.

र आणि स दोन्ही असतील, तर जोड्या तिथेच संपल्या. मग क आणि त पैकी एक, आणि चौथं अक्षर नवीनच कुठलं तरी.

र आणि स पैकी एकच असेल, तर क आणि त दोन्ही हवेत. र असेल तर स नाही म्हणजे म: क त र म. स असेल तर र नाही म्हणजे व: क त स व.

र-स दोन्ही नसतील तर जास्तीत जास्त २ आले असते, तो रस्ता बंद.

बरोबर ना?

अक्षरगणित

अगदी बरोबर, एकही फट नाही. आता संचांवर शब्द बसवा.

मृण्मयी_

क त स व चं मला काही सुचत नाही. सवकत, तसवीक... नाही.

क त र म: मरकत! मरकत मणी, पाचू.

र स क + नवीन: अरसिक.

कसबेकर

र स क ण: सरकणे. चालतं का? कोशात तर असतं.

र स त + नवीन: सूरताल, जोडून एक शब्द धरला तर.

टेकडीवरून

'-णे' वाली क्रियापदं चालत असतील तर ण चा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता. सरकणे, पसरणे, उचलणे, बदलणे, ढीगभर चार अक्षरी क्रियापदं आहेत. चालत नसतील तर ण हे बऱ्यापैकी दुर्मीळ अक्षर होतं. हा नियम खेळाआधी ठरवला पाहिजे. नाहीतर कुठलं अक्षर 'नेहमीचं' आहे याचा अंदाजच फसतो.

अक्षरगणित

हे टेकडीवरून यांचं अगदी पटलं. एरवी बोलण्यात ह, च, ण खूप येतात, कारण आहे-नाही, 'च' आणि '-णे' सगळीकडे असतात. पण कोशातले शब्द तेवढे घेतले तर चित्र बदलतं. खेळाचं शब्दभांडार कुठलं, यावर पहिला प्रश्न अवलंबून असतो.

आता सहावा प्रश्न. नळस्टॉप यांच्या मांडणीवरून दिसेल की सगळं म वर अडकलंय. म असेल तर संच क त र म, दुसरा पर्यायच नाही. म नसेल तर बाकीचे. म्हणजे मृण्मयींचा 'बदनाम' आता खरोखर कामाला येईल. पण 'मरकत' विचारला तरी तेवढंच कळतं. सरकणे किंवा अरसिक असेल तर र आणि क चे २. सूरताल असेल तर र, त चे २. क त स व असेल तरीही २. आणि क त र म असेल तर ४. माहिती बदनामएवढीच, शिवाय जिंकायची संधी फुकट.

प्रश्न सारखीच माहिती देत असतील तेव्हा जो स्वतः उत्तर असू शकतो तो विचारायचा. जास्त शक्यता उरल्या असत्या तर मात्र जिंकायची घाई न करता भरताडवाला शब्द घेतला असता.

वारजे_माळवाडी

मला माझं विचारायचंय, याच खेळाचं आहे म्हणून इथेच. नियम हेच. माझे आकडे: दरवाजा ०, बुधवार २, करवत १, सोमवार २. पुढचा शब्द कुठला? दोन दिवस शोधतोय, एकही शब्द बसत नाही.

अक्षरगणित

बसणारच नाही. दरवाजा ० म्हणजे द, र, व, ज चारही गेली. मग बुधवारचे २ म्हणजे ब आणि ध. सोमवारचे २ म्हणजे स आणि म. चार अक्षरं इथेच भरली. करवतचा १ हा क किंवा त मधून यायला हवा, ते पाचवं. समोरच्याने एक तरी आकडा चुकीचा सांगितलाय.

वारजे_माळवाडी

कुठला चुकला ते कळेल का?

अक्षरगणित

एकेक ओळ झाकून बघायची आणि बाकीच्या तिन्ही जमतात का ते पाहायचं. तुमच्या बाबतीत कुठलीही ओळ झाकली तरी उरलेल्या जमतात, त्यामुळे गणिताने गुन्हेगार सापडत नाही. पण माझा संशय ० वर. लोक 'वी' किंवा 'रू' असलेला शब्द मनात धरतात आणि 'दरवाजा' ऐकल्यावर 'वा' शोधतात, 'वी' दिसत असूनही मोजत नाहीत. काना-मात्रा धरायचे नाहीत हे तोंडाने ठरलेलं असतं, डोळा मात्र धरतोच. उपाय एकच: शब्द मनात ठेवायचा नाही. काना-मात्रा काढून चार अक्षरं चिठ्ठीवर लिहायची आणि प्रत्येक उत्तर त्या चिठ्ठीकडे बघून द्यायचं.

डेक्कनचा_कोडवाला

शब्दांची यादी असेल तर चाळणी कॉम्प्युटरवर सोपी आहे. `words` मध्ये तुमची यादी भरा:

```python
import unicodedata
from collections import Counter

def akshare(s):
    return [c for c in unicodedata.normalize("NFD", s)
            if unicodedata.category(c) == "Lo"]

def jul(a, b):
    return sum((Counter(akshare(a)) & Counter(akshare(b))).values())

uttare = [("दरवाजा", 1), ("सोमवार", 2), ("बुधवार", 1),
          ("शनिवार", 1), ("कसरत", 3)]
urlele = [w for w in words
          if len(akshare(w)) == 4 and "\u094d" not in w
          and all(jul(w, g) == n for g, n in uttare)]
```

`Lo` मुळे मूळ अक्षरं राहतात. काना, मात्रा, अनुस्वार गळतात. `\u094d` हा पाय मोडल्याचा हलन्त. ती अट काढली तर 'क्षमता' चार अक्षरी म्हणून आत येतो, कारण क्ष चे क आणि ष असे दोन तुकडे पडतात.

`Counter` मुद्दाम घेतलाय. `set` घेतला की दुहेरी अक्षरं असलेल्या शब्दांत गोंधळ होतो. नळस्टॉप यांच्या नियमात दुहेरी अक्षरं नाहीत, पण ज्यांच्यात आहेत त्यांच्यासाठी: मनातला शब्द 'गडबड' आणि प्रश्न 'बडबड' असेल तर उत्तर ३. ड दोन्हीकडे दोनदा आहे, त्याचे २. ब प्रश्नात दोनदा पण गडबडमध्ये एकदाच, त्याचा १. माणसं इथे हमखास ४ सांगतात.

टेकडीवरून

दुहेरी अक्षरं असतील तर माणसाने तोंडी खेळायच्या भानगडीत पडू नये, माझं स्पष्ट मत. '१' आला तर एकदा आहे की दोनदा, हे कळायलाच वेगळा प्रश्न जातो.

मृण्मयी_

उलट मला त्यातच मजा वाटते. रविवार, गुरुवार नाही तर खेळायचेच नाहीत का?

नळस्टॉप

सहावा मरकत विचारला. उत्तर आलं ४, आणि वर म्हणाले "पण शब्द तो नाही". पाच मिनिटं कागदाकडे बघत बसले. क म त र, म क त र, त म र क... शेवटी 'कमतर'. तोच होता.

आता आमच्यात वाद आहे. मी म्हणतेय, ४ आला तेव्हाच, म्हणजे सहाव्यात जिंकले. ते म्हणतात सातव्यात.

कसबेकर

सहाव्यात. आकडा फक्त अक्षरांचा आहे, तर ४ म्हणजे संपलं. मरकत आणि कमतर वेगळे करणारा प्रश्न या खेळात विचारताच येत नाही, मग त्याची शिक्षा विचारणाऱ्याला का?

अक्षरगणित

मी सातव्यात म्हणेन. ओळखायचा आहे तो शब्द, अक्षरांचा संच नाही. धरणाऱ्याने जुळा असलेला शब्द निवडणं हीही एक खेळीच आहे. प्रश्नांनी मदत होणार नाही हे खरं, पण शब्द आठवून लावणं हा खेळाचाच भाग आहे.

मृण्मयी_

मग काना-मात्रा न धरण्याच्या नियमात ही पळवाट फारच मोठी होते. तीन अक्षरी खेळात नवरा, वानर, रवाना, नवरी: चारही एकाच संचाचे. चार शब्द एकामागोमाग म्हणून बघायचे आणि प्रत्येकाचा एक प्रश्न धरायचा?

टेकडीवरून

तीन अक्षरीत संच कळला की जिंकलं, चार अक्षरीत शब्द सांगावा लागेल, असं ठेवा.

कसबेकर

दोन नियम कशाला? आमच्याकडे धरणाऱ्याने सुरुवातीलाच सांगायचं, "जुळा आहे" किंवा "जुळा नाही".

अक्षरगणित

पण धरणाऱ्याला स्वतःला कुठे माहीत असतं? 'कमतर' धरताना त्यांना मरकत आठवला होता का, ते विचारा नळस्टॉप.

नळस्टॉप

विचारलं. नव्हता आठवला.